मदत हवी आहे: जुनं गॅजिया क्लासिक प्रो घ्यायचंय, रविवारी बघायला जातोय

सुमेध_पुणे
नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका गृहस्थांकडे पाच वर्षं वापरलेलं गॅजिया क्लासिक प्रो एस्प्रेसो मशीन आहे, २२ हजार सांगताहेत. ‘रिफर्बिश्ड’ म्हणाले, खोदून विचारल्यावर कळलं की गास्केट नवीन घातलंय आणि आतून धुतलंय. मी आजवर मोका पॉटवाला. तिथे जाऊन काय तपासू आणि काय विचारू?

केतकी_के
पंप १५ बारचा आहे का ते आधी विचार. त्याहून कमी असेल तर क्रेमा येत नाही.

भट्टीवाला
केतकीताई, १५ हा पंपाचा कमाल आकडा. कॉफीतून पाणी साधारण ९ बारने गेलं की झालं. तो आकडा नव्या डब्यावरही असतो, त्यावरून जुन्या मशीनची तब्येत कळत नाही.

सुमेध, आजच फोन करून सांग, ‘मी येईपर्यंत मशीन चालू करू नका.’ पोचल्यावर आधी ग्रुपला, म्हणजे हँडल जिथे बसतं त्या भागाला, हात लावून बघ, गार पाहिजे. हीटरमध्ये ओल शिरली असेल तर गार मशीन लावल्यावर घरातला ईएलसीबी पडतो. तेच मशीन तासभर तापून ओल सुकली की काही झालंच नाही असं चालतं.

मग हँडल न लावता पाणी सोड. पहिलं पाणी पांढऱ्या कपात घे. करडं आलं किंवा खपल्या आल्या तर विचार, धुतलं ते कशाने आणि किती वेळ. बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे. ॲसिडमध्ये फार वेळ राहिला तर क्षारांबरोबर धातूही खाल्ला जातो. पाणी बोअरचं वापरलं की फिल्टरचं, हेही विचार. अर्ध्या मिनिटात दोनशे मिलीच्या आसपास पाणी यायला हवं. धार बारीक असेल तर आत क्षार बसलेत किंवा पंप थकलाय.

सगळ्यात महत्त्वाचं आता. भोकं नसलेली बास्केट घेऊन जा. ती लावून दहा सेकंद पंप चालव. पंपाचा आवाज जड होईल आणि टाकीतल्या दोन नळ्यांपैकी एकीतून पाणी परत पडेल. म्हणजे दाब बनतोय. बटण बंद करताच पुढच्या पातळ नळीतून ट्रेमध्ये फस्सकन पाणी सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह तुंबलाय. तेव्हा हँडल लगेच काढू नकोस, आतला दाब गरम पाण्यासकट अंगावर येतो.

म्हापसेकर
आमच्या कॅफेतल्या दोन ग्रुपच्या मशीनचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळायचा. बॉयलरच्या प्रेशर गेजवर लक्ष ठेवा, तो काटा सगळं सांगतो.

भट्टीवाला
म्हापसेकर, तुमचं हॉटेलचं मशीन. ह्या घरगुतीला गेजच नाही.

अनघा_एडिसन
हे गृहस्थ अमेरिकेतून परतलेले नाहीत ना? मी इथून माझं मशीन भावाला दिलं, त्याने नुसती पिन बदलून नाशिकला लावलं. १२० व्होल्टचा हीटर २३० वर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढतो. क्षणात गेला. मागच्या पट्टीचा फोटो मागव.

सुमेध_पुणे
ताई, बरं झालं सांगितलंत. फोटो आला, पट्टीवर 230V 50Hz आहे.

सुमेध_पुणे (रविवार रात्र)
जाऊन आलो. मशीन गार होतं, ईएलसीबी पडला नाही. कपातलं पाणी स्वच्छ, अर्ध्या मिनिटात २१० मिली. बास्केट लावल्यावर टाकीत पाणी परत पडलं. पण बंद केल्यावर ट्रेच्या नळीतून दोनच थेंब आले. पाच मिनिटं थांबून हँडल जरासं फिरवलं, तरी कडेने चिळकांडी उडाली. गृहस्थांना हे ठाऊकच नव्हतं, ते म्हणाले आधीपासून असंच आहे. पाणी टँकरचं वापरायचे. वाफेचा नॉब बंद केल्यावरही नळीतून थेंब पडत राहतात. १७ ला तयार झालेत. घेऊ का?

भट्टीवाला
व्हॉल्व्ह दोन स्क्रूंनी बसतो, सुटा काढून साफ करता येतो. बहुतेक वेळा एखादी खपली अडकलेली असते. कॉइल गेली असेल तर मात्र पंप चालूनही ग्रुपमधून पाणीच येत नाही. तुझं आलंय, म्हणजे कॉइल शाबूत. मी १७ ला घेईन.

केतकी_के
मी नाही घेणार. व्हॉल्व्हपर्यंत खपली पोचली म्हणजे बॉयलरमध्ये किती असेल? आणि वाफेचा नॉबही गळतोय.

भट्टीवाला
हे मात्र खरं. बॉयलर न उघडता तिथलं सांगता येत नाही. सुमेध, चार स्क्रू काढून आत बघू देतील का, विचार त्यांना.

सुमेध_पुणे
विचारलं. शनिवारी या म्हणालेत, स्क्रूड्रायव्हर मीच न्यायचाय. आत नक्की काय दिसलं तर परत फिरायचं?