निधनवार्तेत आईच्या नावाआधी काय लिहावे?

मीनल: आई काल गेली. उद्याच्या वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची आहे. कागदोपत्री तिचे नाव सुमन वसंत, पण माहेरी आणि जुन्या मैत्रिणींत ती कुसुम. बाबा आधीच गेले आहेत. भाऊ ‘कै. गं. भा. सुमन’ लिहू म्हणतो. योग्य आहे का?

अरविंद: आपल्या दुःखात सहभागी आहे. बातमीतून ‘कै.’ काढा, कारण ‘कै. सुमन यांचे निधन झाले’ या वाक्यातून कैलासवासी झालेल्या व्यक्तीचे पुन्हा निधन झाले असा अर्थ निघतो. ते दशक्रियेच्या किंवा पुण्यस्मरणाच्या निवेदनात शोभते. उद्यासाठी एवढे पुरे: ‘आमच्या मातोश्री श्रीमती सुमन वसंत (पुढे आडनाव), माहेरच्या कुसुम (पुढे वडिलांचे नाव व आडनाव), यांचे अमुक तारखेला वृद्धापकाळाने निधन झाले.’ माहेरचे नाव गाळल्यास जुन्या मैत्रिणी ही बातमी वाचूनही ओळखणार नाहीत.

सदानंद: माझे मत वेगळे आहे. गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ नसणे मला अनादराचे वाटते, आणि सगळेच तसे छापतात. शिवाय ‘श्रीमती’ फक्त विधवेलाच लावतात, म्हणजे ‘गं. भा.’ टाळून साधले काय?

अरविंद: पूर्वी मराठीत तसा संकेत होता खरा, पण आज कोणत्याही प्रौढ स्त्रीला श्रीमती म्हणतात, त्यामुळे त्यातून वैधव्य कळत नाही, ‘गं. भा.’मधून मात्र तेच आधी कळते. आदर ‘मातोश्री’ आणि ‘यांचे’ यांतून पुरेसा व्यक्त होतो. शिवाय ‘कै.’ सर्वांना चालत नाही: वारकरी घरांत ‘वै.’ लिहितात, बौद्ध घरांत ‘कालकथित’.

शुभांगी: नाव मात्र आधारकार्डावरचेच छापा. माझ्या काकांचे घरचे नाव बातमीत आले आणि बँकेत त्यांच्या खात्याचे काम अडले.

अरविंद: बँक मृत्यूचा दाखला मागते, वर्तमानपत्राचे कात्रण नव्हे, तेव्हा काकांचे नाव बहुधा दाखल्यावरच वेगळे पडले असावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या अर्जातले नाव कागदपत्रांशी अक्षरशः जुळते का, हे मीनलताईंनी जरूर पाहावे. दाखला हाती आल्यावर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

सदानंद: दाखल्याचे पटले, ‘गं. भा.’चे नाही. माझी आत्या स्वतःच्या पत्रांखाली अभिमानाने ‘गं. भा.’ लिहीत असे. तिच्या बातमीतून ते आम्ही कोणत्या अधिकाराने काढायचे?

मीनल: आईने ते स्वतः कधीच लिहिले नाही. ‘श्रीमती’ लिहून मजकूर पाठवते आहे. भावाची समजूत अजून पटलेली नाही.