मदत हवी आहे: थप्पीतल्या गोण्या मोजताना 342 चा फरक कसा?

नवखा_भांडारी:
गोदामात सिमेंटची एक मोठी थप्पी आहे. वार्षिक मोजणी माझ्याकडे आलीय. समोरून एका थरात 15 गोण्या दिसतात, बाजूने 6, आणि थर 10. म्हणजे 15 × 6 × 10 = 900. रजिस्टरमध्ये मात्र 558 आहेत. तीनदा मोजलं, उत्तर तेच. एवढ्या गोण्या जास्त कशा असतील? कुठे चुकतंय?

घनफळवाला:
गोण्या मोजत बसूच नका. टेप लावा, लांबी-रुंदी-उंची गुणा आणि एका गोणीच्या घनफळाने भागा. दोन मिनिटांचं काम.

जुना_मुकादम:
घनफळवाले, लांबी-रुंदीपुरतं ठीक आहे. पण खालच्या गोण्या वजनाने चेपतात आणि वरच्या फुगीर राहतात, मग एका गोणीची जाडी किती धरणार? उंची टेपने मोजू नये, थर मोजावेत.

भांडारी, एक सांगा. समोर 15 दिसतात त्या गोण्यांची डोकी दिसतात की लांब कुशी? आणि सगळ्या थरांत 15च आहेत का?

नवखा_भांडारी:
आता जाऊन पाहिलं. पहिल्या थरात 15 डोकी, दुसऱ्यात 10 कुशी, तिसऱ्यात पुन्हा 15 डोकी. असं आलटून पालटून. बाजूला उलट आहे, पहिल्या थरात 4 कुशी, दुसऱ्यात 6 डोकी.

जुना_मुकादम:
सापडलं मग. तुम्ही समोरचा आकडा पहिल्या थराचा घेतला आणि बाजूचा दुसऱ्या थराचा. दोन्हीकडची डोकीच मोजलीत. पण ज्या गोणीचं डोकं समोर आहे तिची लांबी आत गेलेली असते, त्यामुळे त्या थरात आत चारच बसतात. पहिला थर 15 × 4 = 60. दुसरा थर 10 × 6 = 60. दोन्ही सारखे यायलाच हवेत, कारण जागा तेवढीच आहे. नाही आले तर मोजण्यात चूक आहे किंवा थर भरीव नाही. गुणाकारातले दोन्ही आकडे एकाच थराचे हवेत, एवढं सांभाळा.

उंच थप्पी ढासळू नये म्हणून असे उभे-आडवे थर देऊन ती बांधतात. हमालांनी काम नीट केलंय.

विटांचा_हिशेब:
माझंही असंच झालं होतं. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 1 मीटर उंच असा विटांचा ढीग. घनमीटरला 500 धरून 1,500 काढल्या, प्रत्यक्षात 1,900च्या आसपास निघाल्या. विटा जास्त आल्या म्हणून मी खूश!

जुना_मुकादम:
500 हा बांधलेल्या भिंतीचा आकडा, त्यात मसाल्याची जागा धरलेली असते. 19 × 9 × 9 सेंटीमीटरची वीट कोरडी, खेटून रचली तर घनमीटरला 650च्या जवळ जाते. फटी राहतात म्हणून थोड्या कमी. जास्त कुणी दिल्या नव्हत्या हो.

नवखा_भांडारी:
वरचा थर अर्धवट आहे, शिडी लावून मोजल्या तर 22. खालचे नऊ थर भरलेले दिसतात. 9 × 60 = 540, अधिक 22 = 562. म्हणजे 342 चा फरक 4 वर आला! पण रजिस्टर 558च म्हणतंय.

घनफळवाला:
चार गोण्यांसाठी कशाला डोकं? मोजणीत धरून टाका.

जुना_मुकादम:
अहो, असं धरून चालत नाही. भांडारी, भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस जाण्याइतकी जागा आहे ना? मागून फिरा. एकाच थरात डोकी आणि कुशी मिसळलेल्या दिसल्या तर तिथे साधा गुणाकार चालत नाही. पाच गोण्यांची बांधणी असते ना, तीन शेजारी आणि त्यांच्या मागे दोन आडव्या, तिथे समोर 3 आणि बाजूला 2 दिसतात. गुणाकार 6 येतो, गोण्या पाचच.

नवखा_भांडारी:
मागे गेलो. सातव्या थरात 15 डोक्यांऐवजी 12 डोकी आणि 2 कुशी आहेत. तिथे 3 ऐवजी 2च बसल्या, म्हणजे एक कमी. 561.

जुना_मुकादम:
शिवाय आडव्या गोणीची रुंदी लांबीपेक्षा कमी, म्हणून त्या दोघींच्या आड वीतभर पोकळी असणार. आणखी आत असंच केलंय का, ते बाहेरून कुणालाच दिसणार नाही.

नवखा_भांडारी:
पुढच्या आठवड्यात याच थप्पीतून माल जाणार आहे. प्रत्येक थर उतरताना मोजून लिहितो. तोवर रजिस्टरला हात लावत नाही, अहवालात ‘बाहेरून मोजणी 561’ असं लिहितोय.

विटांचा_हिशेब:
सातवा थर उकलला की आत काय निघालं ते नक्की टाका इथे.