इडलीची ओल्या खोबऱ्याची चटणी: वाटण जमतं कसं, आणि दुपारपर्यंत आंबू नये म्हणून काय करता? आपापले अनुभव सांगा

रविवारची_पंगत
गेल्या रविवारी पुतणीचं डोहाळजेवण होतं, सकाळच्या नाश्त्याला इडली. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. साडेसहाला तीन नारळांची चटणी वाटली, पातेल्यात काढली, फोडणी घातली आणि वर झाकण ठेवून दिलं. नऊला पहिली पंगत बसली, सगळ्यांनी मागून मागून घेतली. साडेअकराला दुसऱ्या पंगतीसाठी झाकण काढलं तर कडेनं बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. जाऊबाईंनी वाटी पुढं केली तेव्हा मला बोलवेना.

वाटणही मनासारखं नव्हतं. वर पाणी तरंगत होतं, खाली चोथा. जिन्नस असे: तीन नारळ, वाटीभर डाळं, सात-आठ हिरव्या मिरच्या, आलं, मूठभर कोथिंबीर, दोन डाव दही, मीठ. शनिवारी रात्री इडलीचं पीठ वाटलं होतं, तेच मिक्सरचं भांडं विसळून सकाळी घेतलं. कुणाचं काय असं झालंय का?

भाकरी_आणि_चटणी
ताई, तुम्ही सोलापूरच्या असून हा प्रश्न कसा पडला? आमच्या घरची चटणी महिनाभर हलत नाही. शेंगदाणे भाजायचे, लसूण, लाल तिखट, मीठ घालून उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. आंबायचा प्रश्नच नाही!

रविवारची_पंगत
दादा, ती शेंगाचटणी. ती मलाही येते. इथं ओल्या नारळाची चाललीय.

भाकरी_आणि_चटणी
अरे हो. तरी पण करून बघा.

कोथरूडकर_मूळ_अक्कलकोट
सगळा घोळ दह्याचा. दही घातलं म्हणजे विरजणच लावलं की. मी दही कधीच घालत नाही, माझी चटणी संध्याकाळपर्यंत ओट्यावर मजेत राहते.

पूर्वभागातली_गाडी
आमची इडलीची गाडी आहे, वडिलांपासून. दह्याचं बोलणं खरं, पण अर्धंच. दही नसतानाही चटणी आंबते. ओलं खोबरं गोडसर, ओलसर, त्यात मुळात आंबटपणा नाही, वर डाळ्याचं पीठ. गरम हवेत जंतूंना आणखी काय हवं? तुमच्या घरी संध्याकाळपर्यंत राहते ती घर थंड असेल म्हणून. इथं पत्र्याखाली दुपारी राहायची नाही.

पंगतवाल्या ताई, मला तर तुमचं ते भांडं खटकलं. रात्री पीठ वाटलं, सकाळी नुसतं विसळलं. पात्याखालची रबरी चकती काढून बघा. पीठ तिथं अडकतं आणि रात्रभर आंबतं. तेच सकाळी खोबऱ्यात मिसळलं. दही वेगळं घालायचीही गरज उरली नाही! आम्ही पिठाचं आणि चटणीचं भांडं एक करत नाही. घरी एकच असेल तर चकती आणि पातं सुटं करून घासा, वर उकळतं पाणी ओता आणि कोरडं होऊ द्या.

दुसरं, नारळ फोडल्यावर पाणी चाखा. तीन नारळांतला एक जरी आंबूस निघाला तर बाकीचे दोनही गेले. आम्ही एकेक नारळ वेगळ्या वाटीत खवतो, वास घेतो, मगच एकत्र करतो.

वाटणाचं सांगतो. तुम्ही सगळं एकदम टाकून पाणी घातलंत, हो ना? पाणी आधी पडलं की खोबरं पात्याच्या वर तरंगत फिरतं, कापलं जात नाही. आधी डाळं, मिरची, आलं, मीठ कोरडंच फिरवा, पीठ होईस्तोवर. मग खोबरं घालून तीन-चार वेळा थांबत-थांबत झटके द्या, मध्ये कडा खाली ओढा. त्यानंतर गार पाणी चमचा-चमचा घाला, जेमतेम पातं फिरेल एवढंच. दोन बोटांत चटणी चोळली की रव्यासारखी लागावी. त्याच्याही पुढं गुळगुळीत करायला गेलात तर भांडं गरम होतं, खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणी बोटांना चिकट, तेलकट लागते.

तीन नारळांना वाटीभर डाळं ठीक आहे. त्याहून वाढवलं तर पिठूळ लागते, आणि तासाभरानं डाळं पाणी पिऊन आणखी घट्ट होते.

पाटा_अजून_आहे
आमच्या आजी पाट्यावर वाटतात. काळी साल आधी सोलतात, नाहीतर रंग मळकट येतो आणि दाताखाली येते म्हणतात. त्यांचं वाटण जाडसर, पण एकसारखं. पाटा तापत नाही, म्हणून खोबरं तेलकट होत नाही असं त्यांचं म्हणणं. पण तीन नारळ पाट्यावर? आजींना सांगून बघितलं, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

रविवारची_पंगत
काल चकती काढली. काय सांगू, पिवळट पिठाची वळी बसली होती खाली. वासानंच कळलं.

मग आज दोन वाट्या केल्या. एकाच नारळाचं खोबरं अर्धं-अर्धं. पहिली वाटी उकळतं पाणी ओतून वाळवलेल्या भांड्यात, दही नाही. दुसरी त्याच भांड्यात नंतर, फक्त चमचाभर दही जास्त. दोन्ही ओट्यावर शेजारी-शेजारी, सकाळी सातला. साडेदहाला दह्याची वाटी जिभेला टोचायला लागली. बिनदह्याची साडेबाराला चांगली होती, दीडला मात्र वास बदलला. म्हणजे दह्यानं लवकर गेली, पण दही नसलं तरी काही अमर नाही.

कोथरूडकर_मूळ_अक्कलकोट
मान्य. पण मी चुकीचं कुठं बोललो?

पूर्वभागातली_गाडी
नाही हो, चुकीचं नाही, अपुरं. ताई, तुमचे तास वाचून सांगतो, पंगतीसाठी सगळी चटणी एकदम पातळ करून ठेवूच नका. घट्ट गोळा वाटून उथळ स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात मध्यभाग थंड व्हायला फार वेळ लागतो. पंगत बसली की लागेल तेवढा काढा, उकळून गार केलेल्या पाण्यात सैल करा, फोडणी तेव्हाच द्या. उरलेल्या चटणीत नवी ओतू नका, पातेलं बदला. आणि वाढायचा डाव इडलीच्या पिठाला लागलेला नसावा. आम्ही गाडीवर बर्फाच्या पेटीत छोटे डबे ठेवतो, एका वेळी एकच उघडतो.

मे_महिना_नको
दह्याऐवजी चिंच घातली तर टिकते का? आमच्याकडं बोराएवढी घालतात.

पूर्वभागातली_गाडी
चिंचेनं थोडी उशिरा जाते खरी, मी घालतो. पण फार घातली की खोबऱ्याचा गोडवा मरतो. किती तास मिळतात ते मोजलेलं नाही. बाहेर ठेवण्याइतका भरवसा मात्र नाही.

पाटा_अजून_आहे
आमच्या आजी म्हणतात, गरम फोडणीनं चटणीचं तोंड बंद होतं, म्हणून टिकते.

रविवारची_पंगत
आजींना सांगा, रविवारी मीही गरमच फोडणी घातली होती. झाकणही लगेच लावलं. वाफ आत धरली आणि पातेलं कोमटच राहिलं, असं आता वाटतंय.

पाटा_अजून_आहे
सांगितलं. म्हणाल्या, "झाकण कुणी लावायला सांगितलं होतं?"

भाकरी_आणि_चटणी
बिनदह्याची दीडला गेली ती फेकली ना? गरम करून खाल्ली नाहीत ना?

रविवारची_पंगत
फेकली. पुढच्या रविवारी चिंचेची वाटी लावून बघते, तास लिहिते इथं.