के-१३ घ्यायचा की आहे त्याच ट्रान्सफॉर्मरवर भागवायचं?

पाइपवाला_जळगाव: पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. ५०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, तेलाचा साधा ट्रान्सफॉर्मर. एक्स्ट्रूडर सगळे ड्राइव्हवर. पूर्ण लोडला ५६० अँपिअर, टीएचडी ३४ टक्के, मीटरवर के-फॅक्टर ५.३. पाचवा हार्मोनिक ३० टक्के, सातवा १२, अकरावा ८, तेरावा ५, सतरावा ४, एकोणिसावा ३. विक्रेता म्हणतो के-१३ घ्या, हार्मोनिकचा त्रासच संपेल. घेऊ का?

स्विचगिअर_सुहास: टीएचडी ३४ म्हणजे क्षमता ३४ टक्क्यांनी कमी धरा. ३३० केव्हीए उरतात, तुम्ही ४२० ओढताय. घ्या के-१३, रात्री झोप लागेल.

वाइंडिंगवाले_काका: सुहासराव, टीएचडीवरून डिरेटिंग निघत नाही. वाइंडिंगमधला एडी लॉस हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो. क्रमांकाचा वर्ग गुणिले करंटचा वर्ग अशी बेरीज करा, याच आकड्यांत सातवा १२ टक्के असून बेरजेत ०.७१ टाकतो, सतरावा आणि एकोणिसावा दोघे मिळून ०.७९. टीएचडीत ते दोघे जवळपास दिसतच नाहीत. आणि विक्रेत्याचं ते वाक्य साफ खोटं. के-१३ हार्मोनिक कमी करत नाही, त्यांची उष्णता सोसतो एवढंच. ड्राइव्ह तेच, तर विकृती तीच.

दुसरं, ५.३ या एका आकड्यावर निर्णय होत नाही. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा एडी लॉस किती, हे लागतं. तो कॉपर लॉसच्या ५ टक्के असेल तर ६०७ अँपिअरपर्यंत चालेल, १५ टक्के असेल तर ५३३ लाच थांबा. हिशोब असा, उत्तराला ट्रान्सफॉर्मरच्या रेटेड करंटने गुणायचं:

```
sqrt((1 + P) / (1 + F*P))
F = 5.3, P = एडी लॉस / कॉपर लॉस
```

टेस्ट रिपोर्ट काढा. दोन लाइनमधला रेझिस्टन्स ७५ अंशांवर आणून, गुणिले करंटचा वर्ग, गुणिले दीड. एचव्ही-एलव्ही दोन्हींचं करून बेरीज घ्या आणि रिपोर्टातल्या लोड लॉसमधून वजा करा.

हिशोबनीस_मीनल: आमच्या पुण्याच्या ऑफिसात न्यूट्रल जळाली होती. हार्मोनिकच होते. के-रेटेडमध्ये न्यूट्रल दुप्पट असते म्हणतात, मग तोच बरा ना?

वाइंडिंगवाले_काका: मीनलताई, तुमच्याकडे कॉम्प्युटर, तो तिसऱ्या हार्मोनिकचा खेळ, तीन फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये येतो. यांचे ड्राइव्ह तीन फेजवर आहेत, न्यूट्रल वापरतच नाहीत. तिथे दुप्पट न्यूट्रल म्हणजे वाया गेलेलं तांबं.

पाइपवाला_जळगाव: रिपोर्ट मिळाला. लोड लॉस ५,५०० वॅट, माझ्या हिशोबाने कॉपर लॉस ५,०००. म्हणजे ५०० वॅट, १० टक्के. सूत्रात टाकलं तर ०.८५ येतं, ५६५ अँपिअर. मी ५६० वर आहे!

वाइंडिंगवाले_काका: घाबरू नका. ते ५०० वॅट म्हणजे सगळा स्ट्रे लॉस. त्यातला बराच टाकीत आणि क्लॅम्पमध्ये जातो. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला आयट्रिपलई सी५७.११० मध्ये त्यातला ३३ टक्केच वाइंडिंगचा धरतात. टाकीतला लॉस वर्गाने नाही, सुमारे ०.८ घाताने वाढतो. तसं मांडलं की ०.९३, म्हणजे ६२२ अँपिअर. आहे तोच चालवा.

टेस्टबेड_अनुराधा: काका, इथे मी तुमच्याशी असहमत. ३३ टक्के हे गृहीत आहे, मोजमाप नाही. त्यातही एडी लॉस वाइंडिंगभर सारखा पसरत नाही. आतल्या एलव्ही वाइंडिंगच्या टोकाला तो सरासरीच्या कितीतरी पट असतो, इन्सुलेशन तिथेच भाजतं. तेलाचं तापमान बघून ते कळत नाही. मी ५६५ च धरीन, म्हणजे मार्जिन नाहीच.

वाइंडिंगवाले_काका: मग चाळीस वर्षांत गुंडाळलेले सगळे जळायला हवे होते.

टेस्टबेड_अनुराधा: जळत नाहीत, काका. पंचवीस वर्षांऐवजी बारा चालतात आणि दोष कोणाचा ते कोणी विचारत नाही. पण के-१३ मीही घेणार नाही. ड्राइव्हना लाइन रिॲक्टर आहेत का?

पाइपवाला_जळगाव: सहापैकी दोनच जुन्या ड्राइव्हना आहेत.

टेस्टबेड_अनुराधा: मग आधी उरलेल्या चौघांना ३ टक्क्यांचे लावा. पाचवा तर उतरेलच. सतरावा-एकोणिसावाही उतरतो, आकाराच्या मानाने बेरजेत तेच महागात पडतात. परत मोजा, आणि एकदा कपॅसिटर पॅनेल बंद करून मोजा. कपॅसिटरमुळेच पाचवा फुगला असेल तर हा ५.३ तुमच्या ड्राइव्हचा नाहीच.

स्विचगिअर_सुहास: आणि नवीन एक्स्ट्रूडर आला की? तेव्हा परत हाच धागा उघडणार. मी अजूनही म्हणतो, मोठाच घ्या, के-१३ नको तर साधा ६३०.

वाइंडिंगवाले_काका: साधा ६३० ला मात्र माझी हरकत नाही.

पाइपवाला_जळगाव: कपॅसिटर बंद करून रविवारी मोजतो. शेठना अजून सांगितलेलं नाही.