वडिलांचं नाव आणि रशियनची सिरिलिक लिपी
> ‘प्रवेशासाठीच्या रशियन एसओपीत, म्हणजे उद्देशपत्रात, वडिलांचं नाव त्यांच्या पद्धतीनं फिरवून लिहू का?’

नको. रशियन पितृनाम म्हणून ‘रमेशेव्ना’ लिहायचा मोह होतो, पण आपल्या पासपोर्टात बहुधा ‘स्नेहल रमेश’ असं सगळं ‘गिव्हन नेम’मध्येच असतं. भाषांतरातही ते सहसा नावाच्याच रकान्यात जातं आणि पितृनामाचा रकाना रिकामा राहतो. पत्रात रमेशेव्ना आणि कागदांत रमेश, म्हणजे माणसं दोन झाली की!

आधी पासपोर्टाचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर हातात घ्या, मग त्यातलंच स्पेलिंग पत्रात उतरवा. ‘ह’साठी रशियनमध्ये नेमकं अक्षर नाही. ‘मोहन’चा ‘ह’ कुणी ‘ख’च्या जवळच्या अक्षरानं लिहितो, कुणी ‘ग’नं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचं भाषांतर दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर त्यालाही हेच स्पेलिंग द्या.