जनरेटरचा हिशोब आणि ते २.७५ (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

कदम (खजिनदार): सर्वांना नमस्कार. विषय गंभीर आहे म्हणून ग्रुपवरच टाकतोय. मंगळवारी लाईट गेली तेव्हा जनरेटर चालला, त्याचं मीटर आधी १८४२.५० आणि बंद केल्यावर १८४५.२५ होतं, म्हणजे २.७५. दोन तास पंच्याहत्तर मिनिटं, म्हणजे सरळ ३ तास १५ मिनिटं. आणि शिंदेमामांनी रजिस्टरला लिहिलंय ७.१० ते ९.५५. मधला अर्धा तास कुठे गेला? ताशी १२ लिटर डिझेल धरलं तर ६ लिटर. नव्वदच्या भावाने ५४० रुपये. एका दिवसाचे.

भोसले ए-१०१: मी मागच्या मीटिंगलाच म्हटलं होतं. ६ लिटर डिझेल कुठे गेलं याचं उत्तर मिळालं पाहिजे

शिंत्रे वहिनी: अहो पण शिंदेमामा अकरा वर्षं आहेत इथे, असं एकदम ग्रुपवर??

कदम (खजिनदार): वहिनी मी कोणावर आरोप केलेला नाही. फक्त आकडे टाकलेत.

सी-३०४ रोहन: काका आकडे टाकले आणि खाली ५४० रुपये पण टाकले 😄

निकम ताई बी-२०३: कदम साहेब, २.७५ तास म्हणजे दोन तास पंच्याहत्तर मिनिटं नाही हो. दोन तास पंचेचाळीस. पॉइंटच्या पुढचं ७५ म्हणजे एका तासाच्या शंभर भागांतले ७५ भाग, मिनिटं नव्हेत. तासाला मिनिटं साठ, म्हणून ०.७५ ला ६० ने गुणायचं, ४५ येतात. आता ७.१० ते ९.५५ मोजा, बरोब्बर २ तास ४५ मिनिटं. रजिस्टर आणि मीटर एकच सांगतायत. डिझेल २.७५ गुणिले १२, ३३ लिटर. तुम्ही सव्वातीन तासाचं ३९ धरलंत, तिथेच तुमचे ६ लिटर आले. टाकीतून काही गेलेलं नाही.

कदम (खजिनदार): तुमचं म्हणणं ठीक आहे पण मीटर कंपनीचं आहे, तासाचं मीटर म्हणजे तास आणि मिनिटंच दाखवणार ना.

भोसले ए-१०१: ६ लिटर डिझेल कुठे गेलं याचं उत्तर मिळालं पाहिजे

गोखले आजोबा ए-४०१: कदम, आमच्या वेळी शाळेत पावकी निमकी पाऊणकी तोंडपाठ करून घेत. दोन आणि पाऊण म्हणजे पावणेतीन. पावणेतीन तास म्हणजे तीनला पाव तास कमी, हे कोणालाही कळतं. अडीच तास आपण कागदावर २.५ लिहितो, त्याला कोणी दोन तास पाच मिनिटं म्हणत नाही आणि दोन तास पन्नासही म्हणत नाही. पाव म्हणजे .२५, पंधरा मिनिटं. तुम्ही आकडा वाचू नका, मोठ्याने म्हणा.

शिंत्रे वहिनी: 🙏🙏 आजोबा

माने सी-१०२: विषय निघालाच आहे तर सी विंगची लिफ्ट दोन दिवस अडकतेय, पैंटिंगला पैसे होते लिफ्टला नाहीत का

कदम (खजिनदार): माने, पेंटिंगचा ठराव तुमच्याच सहीने पास झालाय. विषयावर या.

कदम (खजिनदार): बरं मंगळवारचं सोडा. महिन्याचं घ्या. महिन्यात तीनदा जनरेटर लागला. रजिस्टरला २.४५, १.३० आणि ०.५०, मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ४.२५. मीटर मात्र १८४२.५० वरून १८४७.५८ वर, म्हणजे ५.०८. आता हे ८३ पॉइंट तरी सांगा.

भोसले ए-१०१: हेच म्हणतोय. डिझेल कुठे गेलं

निकम ताई बी-२०३: कदम साहेब इथे उलटी चूक झालीय. मामा २.४५ लिहितात ते घड्याळाचं आहे, दोन तास पंचेचाळीस मिनिटं, मधला टिंब फक्त वेगळं दाखवायला. मीटरचा टिंब दशांशाचा. दिसायला सारखेच म्हणून घोळ होतो. कॅल्क्युलेटरला मामांचा टिंब कळत नाही, तो शंभरावर हातचा घेतो, मिनिटांना साठावर घ्यायला हवा. म्हणून आधी सगळ्याची मिनिटं करा. २ तास ४५ म्हणजे १६५, दीड तासाची ९०, आणि ५०. झाली ३०५ मिनिटं. साठने भागा, ५ तास ५ मिनिटं. आता मीटरचं ५.०८ घ्या, ०.०८ गुणिले ६०, येतात ४.८ मिनिटं. मीटर दोनच घरं दाखवतं म्हणून पाच मिनिटांचं ५.०८३ न दिसता ५.०८ दिसतं. बारा सेकंदांचा फरक, तोही मीटरच्या घरांमुळे.

सी-३०४ रोहन: ताई आमच्या ऑफिसला टाइमशीटमध्ये हेच होतं, ७ तास ३० मिनिटं काम केलं की लोक ७.३० भरतात आणि सिस्टीम १२ मिनिटं कापते, भरायचं असतं ७.५

निकम ताई बी-२०३: हो रे, पगारपत्रकं करताना मी रोज हेच निस्तरते. ओव्हरटाइमला तर माणसाचे पैसे जातात.

कदम (खजिनदार): मग माझ्या एक्सेलमध्ये २.७५ ला वेळेचा फॉर्मॅट दिला तर ६६:०० का आलं? म्हणजे शीट पण चुकतंय का?

निकम ताई बी-२०३: शीट बरोबर आहे. एक्सेल १ म्हणजे एक अख्खा दिवस धरतं, तास नाही. पावणेतीन दिवस म्हणजे ६६ तास. म्हणून आधी २४ ने भागायचं. आकडा A2 मध्ये असेल तर शेजारी हे टाका

```
=A2/24
```

आणि त्या घराला फॉर्मॅट द्या [h]:mm, म्हणजे 2:45 दिसेल. चौकोनी कंस विसरू नका, नाहीतर बेरीज २४ तासांच्या वर गेली की पुन्हा शून्यापासून सुरू होते, साडेएकतीस तासाचे साडेसातच दिसतील.

साने (सेक्रेटरी): वाद नको. तसंही आज रविवार, ११ वाजता जनरेटरची १० मिनिटांची ट्रायल आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी खाली येऊन मीटर बघावं.

निकम ताई बी-२०३: फार छान होईल. मीटर आता .५८ वर आहे. मिनिटं असतील तर .५९ नंतर थेट १८४८.०० येईल. दशांश असेल तर .६०, .६१ असं पुढे जाईल, आणि शेवटचा आकडा दर ३६ सेकंदांनी बदलेल, कारण तासाची ३६०० सेकंदं आणि शंभर भाग.

माने सी-१०२: लिफ्ट अडकली तर खाली कसं येणार

सी-३०४ रोहन: मी आहे खाली, कदम काका पण आलेत. चालू झालं

सी-३०४ रोहन: .५९ झालं

सी-३०४ रोहन: .६० !! १८४७.६० . आणि आता .६१, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, छत्तीस सेकंदं

शिंत्रे वहिनी: 👏👏

सी-३०४ रोहन: बंद केला. १८४७.७५ वर थांबलं. दहा मिनिटांना ०.१७, बरोबर आहे ना ताई?

निकम ताई बी-२०३: हो, १० भागिले ६०, ०.१६७.

भोसले ए-१०१: पण मग ६ लिटर डिझेल कुठे गेलं

गोखले आजोबा ए-४०१: भोसले, वरचे मेसेज वाचा.

निकम ताई बी-२०३: कदम साहेब एकच विनंती. मामांचा मुलगा या ग्रुपचे मेसेज वाचतो, त्याला सकाळपासून ते ५४० दिसतायत. तो मेसेज काढला तर बरं.

कदम (खजिनदार): काढला. मी इथे गेटवरच उभा आहे, मामांशी बोललो. रजिस्टरला उद्यापासून टिंब बंद, तास आणि मिनिटं असे दोन वेगळे रकाने आखून देतो, आणि शेजारी मीटरचे आधीचे-नंतरचे आकडे. निकम ताई, पहिल्या पानावर नमुना तुम्ही भरून द्याल का.

निकम ताई बी-२०३: संध्याकाळी देते. मामांना म्हणावं दोन पेनं ठेवा, मीटरचे आकडे लाल शाईने.