मदत हवी आहे: यूकेमधल्या भावाच्या पायांना मुंग्या, बी१२ रिपोर्ट मात्र नॉर्मल

अनुराधा_क
माझा धाकटा भाऊ लेस्टरला मास्टर्स करतोय. त्याच्या दोन्ही पायांना तळव्यापासून मुंग्या येतायत, आता घोट्याच्या वर चढल्यात आणि काल म्हणे जिना उतरताना पाय कुठे पडतोय तेच कळेना. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी१२, शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल, म्हणे थोडे दिवस थांबून बघू. थांबून काय बघणार?? त्याला इकडे बोलावून घेऊ का? पुण्यातला चांगला न्यूरोलॉजिस्ट सुचवा प्लीज, जरा लवकर.

आप्पा_वाईकर
थंड हवेचा वात आहे हा. रोज रात्री तळव्यांना कोमट तिळाचं तेल चोळायला सांगा. माझी टाचदुखी याच उपायाने गेली.

सातारी_मिसळ
आप्पा, टाचदुखी वेगळी, हे वेगळं. ताई, भाऊ व्हेज आहे का? असेल तर डोळे झाकून बी१२. नॉर्मलच्या खालच्या टोकाला असेल आकडा. मला सेम झालं होतं, इंजेक्शनं घेतली आणि मोकळा झालो. न्यूरोलॉजिस्टवर पैसे घालवू नका.

अनुराधा_क
व्हेजच आहे, तिकडे अंडी खातो. आणि बी१२ च्या गोळ्या घेतोच की तो, आईने डबाभर पाठवल्यात. म्हणूनच तर म्हणतेय की ते कारण नाही. कोणी डॉक्टरचं नाव सांगेल का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
नाव नंतर सांगतो, आधी तुम्ही सांगा. गोळ्या रक्त द्यायच्या आधीपासून चालू होत्या की नंतर सुरू केल्या? दारू किती? मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का? पाय जुळवून डोळे मिटून उभा राहिला तर झोकांड्या जातात का? (हे करताना शेजारी कोणीतरी उभं असू द्या.) आणि राग मानू नका, पण पार्ट्यांमध्ये फुग्यातून गॅस ओढतो का तेही विचारा. ड्रग्ज घेतोस का असं विचारलंत तर नाहीच म्हणेल. फुगे असंच म्हणा.

अनुराधा_क
आमच्याकडे असलं काही नसतं हो. विचारते तरी.

केकवाली_कोथरूड
फुग्यातला गॅस म्हणजे क्रीम फेटायच्या सायफनला लावतात त्या छोट्या नळकांड्या ना? मी ऑर्डरच्या केकसाठी वापरते!! मला पण मुंग्या येतील का? हल्ली उजव्या हाताला येतात कधीकधी.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
नाही येणार. तुमचा गॅस क्रीममध्ये जातो, फुप्फुसात नाही. एकाच हाताला येत असतील तर मनगट दाखवा कोणाला तरी, दिवसभर फेटून नस दबली असेल.

अनुराधा_क
विचारलं. घेतो!! आधी नाही नाही म्हणाला, मग म्हणतो ताई ते काय ड्रग आहे का, दोन मिनिटांत उतरतं, वास नाही, हँगओव्हर नाही, डेंटिस्ट देतात तेच आहे. फ्लॅटमधली सगळीच मुलं घेतात म्हणे आणि बाकी कोणाला काही होत नाही. आधी फक्त वीकेंडला होतं, आता मोठा सिलिंडर आणतात तो संपेपर्यंत चालतं. मान वाकवल्यावर करंट येतो, डोळे मिटल्यावर तोल जातो. गोळ्या टेस्टच्या आधीपासूनच चालू होत्या. आता काय करायचं? आणि खरंच त्यानेच झालंय का, कारण मला अजूनही पटत नाहीये.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
पटायला जड जातंच, कारण नशा आणि नुकसान यांचं घड्याळ वेगळं आहे. नायट्रस ऑक्साईडची गुंगी मिनिटा-दोन मिनिटांत उतरते, पण तेवढ्या वेळात तो शरीरातल्या बी१२ च्या मधला कोबाल्ट गंजवून टाकतो, आणि ते बी१२ पुन्हा कामाला येत नाही. नसांवरचं वेष्टण नीट ठेवायला ते लागतं. मग आधी पायांच्या लांब नसा आणि मणक्यातल्या पाठीमागच्या दोऱ्या बिघडतात, पाय कुठे आहे हे मेंदूला कळवायचं काम त्यांचंच. जिन्यावर झालं ते हेच.

आता रिपोर्ट नॉर्मल का? समजा पाकिटात नोटा भरपूर आहेत, पण बाद झालेल्या. टेस्ट नोटा मोजते, चालतात का ते बघत नाही. त्यात गोळ्या आधीपासून चालू, म्हणजे आकडा आणखीच छान दिसणार. खरी गोष्ट होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या दोन तपासण्यांत कळते, बी१२ काम करत नसेल तर त्या वाढतात. त्यातही होमोसिस्टीन जास्त भरवशाचं. सोबत मानेचा एमआरआय.

पुण्याला आणू नका. लांबच्या विमानात तासन् तास बसणं तर नकोच, होमोसिस्टीन वाढलं की पायात गाठी होण्याचा धोका असतो. आजच त्याला तिथल्या इमर्जन्सीला पाठवा आणि नायट्रस घेत होतो हे पहिल्या वाक्यात सांगायला लावा. लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, एकाच पायाला सूज आली किंवा धाप लागली तर टॅक्सीची वाट न बघता ॲम्ब्युलन्स.

सातारी_मिसळ
म्हणजे बी१२ च निघालं ना शेवटी! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. मग इंजेक्शनं घ्यायची, झालं. एवढं घाबरवायचं कशाला. बरं हा गॅस सव्वादोनशे वर्षं लोक हुंगतायत, हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टलला स्वतःवर आणि मित्रांवर प्रयोग केले, कोणी लुळं पडलं नाही. आमच्या सौंना बाळंतपणात दिला होता, तिला काय झालं?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
मिसळराव, निम्मं बरोबर आहे तुमचं. इंजेक्शन लागतंच. पण गॅस चालू ठेवून घेतलं तर नवं बी१२ पण तसंच बाद होतं. इथे पोरं हाच घोळ करतात, आधी गोळी खायची म्हणजे फुगा बाधत नाही असं समजतात. फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन तर नसा आणखी बिघडू शकतात, ते रिपोर्टमधलं रक्त सुधारतं आणि आपण गाफील राहतो.

बाळंतपणात देतात तो निम्मा नायट्रस आणि निम्मा ऑक्सिजन, तोही कळा चालू आहेत तेवढ्यापुरता. डेंटिस्टही ऑक्सिजन मिसळूनच देतो. फुग्यात शुद्ध नायट्रस, ऑक्सिजन शून्य. आणि हे नुकसान आम्हाला कळलं तेच मुळी आमच्या चुकीतून. १९५६ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी लिहिलं की धनुर्वाताच्या पेशंटना दिवसेंदिवस नायट्रस दिला तर त्यांच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच मंदावलं. नसांचं प्रकरण १९७८ मध्ये पुढे आलं, त्या पेशंटांत बरेचसे स्वतः डेंटिस्ट होते. ज्याचा बी१२ चा साठा आधीच तळाला आहे त्याला तर एखाद्या लांबलेल्या ऑपरेशनच्या भुलीनंतरही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घरात पिढ्यान् पिढ्या व्हेज असलेल्या मुलाने 'बाकीच्यांना काही होत नाही' हा हिशोब लावू नये. त्याचे फ्लॅटमेट मटण खात असतील.

रॉटरडॅमचा_राजा
मोठा सिलिंडर हा मुद्दा सगळे विसरतात. क्रीमच्या नळकांडीत ८ ग्रॅम असतो, मोठ्यात ६०० ग्रॅमच्या वर. नळकांड्या फोडताना पोरांना कितवी ते कळायचं, कार्पेटवर ढीग दिसायचा. सिलिंडरमधून किती फुगे भरले ते कोण मोजतंय. आमच्याकडे नेदरलँड्समध्ये गाडी चालवताना फुगा तोंडात धरून अपघात व्हायला लागले, शेवटी १ जानेवारी २०२३ पासून बंदी. त्या सिलिंडरचं नोझल थेट तोंडाला लावून ओठ-घसा गोठून भाजलेलेही असतात, गॅस बाहेर पडताना भयंकर थंड असतो.

अनुराधा_क
बंदी यूकेत पण आहे का?? तो इमर्जन्सीला जायला तयार नाहीये, व्हिसाचं काय होईल म्हणतो. पोलिसांना कळवतात का हॉस्पिटलवाले?

रॉटरडॅमचा_राजा
हो, नोव्हेंबर २०२३ पासून तिकडे क्लास सी मध्ये आहे, नशेसाठी जवळ बाळगणं गुन्हा. पण पेशंटने डॉक्टरला सांगितलेलं गोपनीय असतं, स्वतः घेत होतो एवढ्यासाठी डॉक्टर पोलिसांना फोन करत बसत नाहीत. व्हिसाचं मला नक्की सांगता येणार नाही, वकिलाला विचारा, पण ते पाय वाचल्यावर.

कल्याणकर_दादा
धाग्याशी थेट संबंध नाही, पण 'दोन मिनिटांत उतरतं' वाचून राहवलं नाही. मी स्टेशनवरच्या मुलांसोबत काम करतो. आमची पोरं पंक्चरचं सोल्यूशन नाहीतर थिनर ओढतात, रुमालाला लावून किंवा पिशवीत. तेही पंधरा-वीस मिनिटांत उतरतं म्हणून परत परत. त्यातला टोल्युइन वेगळाच खेळ करतो, पोटॅशियम उतरून पोरगं एकदम लुळं पडलेलं बघितलंय, पुढे मेंदूवर परिणाम होतो तो वेगळाच. पण सगळ्यात वाईट म्हणजे हृदय. सॉल्व्हंट किंवा लायटरचा गॅस ओढला की हृदय ॲड्रिनॅलिनला चटकन भडकतं. त्याच क्षणी कोणी ओरडलं, पोलीस मागे लागला, पोरगं जीव खाऊन पळालं की ठोके बिघडून जागेवर खलास. पहिल्याच वेळी ओढणाऱ्याचंही होऊ शकतं. म्हणून आम्ही नव्या कार्यकर्त्याला पहिलं हेच शिकवतो, ओढताना सापडलं तर पिशवी हिसकू नका, मागे धावू नका, हळू आवाजात बोलत हवेशीर जागी बसवा.

सातारी_मिसळ
दादा, हा मुलगा लेस्टरला मास्टर्स करतोय, स्टेशनवर सोल्यूशन नाही ओढत. उगाच एकत्र करू नका.

कल्याणकर_दादा
एकत्र करत नाहीये. नायट्रस मणक्यावर जातो, थिनर हृदयावर, हे मलाही कळतं. पण फुगे बंद झाले की त्याच फ्लॅटमध्ये लायटर रिफिलचा कॅन यायला वेळ लागत नाही. आणि डोक्यावर पिशवी चढवून नाहीतर मास्क बांधून नायट्रस घेतला तर शुद्ध हरपल्यावर ती काढणार कोण? मास्टर्सवाल्याचाही श्वास तसाच थांबतो.

अनुराधा_क
अपडेट. गेला एकदाचा, मी व्हिडिओ कॉलवर बसून टॅक्सीत चढवला. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने ऐकताबरोबर ओळखलं, म्हणे असे पेशंट येतात. रक्त घेऊन लगेच हायड्रोक्सोकोबालामिनचं इंजेक्शन दिलं, रिपोर्टसाठी थांबले नाहीत. आता एक दिवसाआड देणार म्हणतायत. एमआरआय उद्या. पूर्ण बरं होतो का हो यातून? आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्याच फ्लॅटमध्ये जाणार तो.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
रक्त आधी आणि इंजेक्शन नंतर, क्रम बरोबर आहे. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून लवकर लॅबला जावा लागतो, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो, पण ते त्यांना माहीत असेल. एमआरआय स्वच्छ आला तरी हे नाही असं समजू नका, प्रत्येकाचा दिसत नाही. बरं होण्याचं म्हणाल तर बहुतेकांत सुधारणा होते, पण महिने लागतात, फिजिओ लागतो आणि काहींच्या पायात थोडा बधिरपणा राहून जातो. किती राहील ते आज कोणीच सांगू शकणार नाही. फ्लॅट मात्र बदला, या बाबतीत मी कल्याणकरांच्या बाजूने.

आप्पा_वाईकर
तेलाने नुकसान तर नाही ना होणार? लावू द्या की.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
लावा, पण कोमटच. बधिर पायाला चटका कळत नाही.

केकवाली_कोथरूड
माझ्या नळकांड्या घरात उघड्या असतात आणि मुलगा अकरावीत आहे. कुलूप लावू का त्याच्याशी बोलू?

कल्याणकर_दादा
दोन्ही. आधी बोला, नाहीतर कुलूप बघूनच त्याला कळेल की आत काहीतरी भारी आहे.